वयाने आकडा हलतो, बिडीने आकडा फुटतो: स्तरनिहाय विश्लेषण आणि मॅन्टेल-हेन्झेल

सर्वेक्षणाचा डेटा हातात आला की बहुतेक जण एक सवय पाळतात. तिसरा घटक घेऊन गुणोत्तर समायोजित करायचं, आकडा बदलला तर तो घटक ठेवायचा, नाही बदलला तर सोडून द्यायचा. कन्फाउंडिंग, म्हणजे तिसऱ्या घटकामुळे गुणोत्तर चुकीचं दिसणं, शोधायला ही सवय बऱ्यापैकी चालते. इफेक्ट मॉडिफिकेशन, म्हणजे तिसऱ्या घटकाप्रमाणे परिणामच कमी-जास्त होणं, मात्र तिच्या हातून हमखास निसटतं, कारण ते समायोजित आकड्यात दिसतच नाही. ते समायोजनाच्या आधीच्या पायरीवर, प्रत्येक स्तराचं, म्हणजे त्या घटकाच्या प्रत्येक गटाचं, गुणोत्तर वेगळं मांडलं तरच दिसतं. हे दाखवण्यासाठी इथे एकाच डेटाचे दोन वेळा तुकडे केले आहेत, एकदा वयाने आणि एकदा बिडीने.

उदाहरणाची मांडणी

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसी आणि पूर्व भागात टॉवेल-चादरीचे कारखाने आहेत. प्रश्न असा घेऊ: यंत्रमागावर, म्हणजे कापसाच्या धुळीत काम करणाऱ्यांना जुनाट खोकला जास्त होतो का? विणकाम विभागातले ४०० पुरुष कामगार आणि तुलनेसाठी त्याच कारखान्यांच्या घडी-पॅकिंग विभागातले ४०० पुरुष. जुनाट खोकला म्हणजे वर्षातले सलग तीन महिने, बहुतेक दिवस येणारा खोकला. खालचे आकडे पद्धत शिकवण्यासाठी रचलेले आहेत. त्यांच्यावरून सोलापूरच्या कामगारांच्या प्रकृतीबद्दल काही निष्कर्ष काढू नये.

फक्त पुरुष घेण्यामागे कारण आहे. शहरातल्या पुष्कळ स्त्रिया घरी बिडी वळतात आणि तंबाखूची धूळ त्यांच्याही श्वासात जाते. पॅकिंगमधल्या स्त्रिया तुलनेच्या गटात आल्या तर ‘धूळ नसलेला गट’ हे नावच खोटं ठरेल. अशा वेळी विश्लेषणात समायोजन करत बसण्यापेक्षा निवडीतच मर्यादा घालणं सोपं पडतं.

प्रश्नावलीतही इथे एक खाच आहे. ‘बिडीचा संबंध आहे का?’ असं विचारलं तर घरात बिडी वळली जाणारा माणूसही हो म्हणेल. ‘तंबाखू घेता का?’ विचारलं तर चुना-तंबाखू मळून खाणाराही हो म्हणेल. म्हणून ‘बिडी किंवा सिगारेट ओढता का, दिवसाला किती?’ असाच प्रश्न हवा, आणि पूर्व भागात तो तेलुगूतही विचारता आला पाहिजे. तिसरा घटक चुकीचा नोंदला गेला की स्तर एकमेकांत मिसळतात. मग कन्फाउंडिंग अर्धवट निघतं आणि मॉडिफिकेशनही पुसट होतं.

पहिली पायरी: कच्चा तक्ता

विणकामात ४०० पैकी १२४ जणांना खोकला, म्हणजे ३१ टक्के. पॅकिंगमध्ये ४०० पैकी ५५, म्हणजे १३.७५ टक्के. गुणोत्तर २.२५. हा आकडा कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पुढे प्रत्येक पायरीला तो लागेल.

दुसरी पायरी: वयाने तुकडे करा आणि आधी फक्त स्तर वाचा

| वय | विणकाम: खोकला / एकूण | पॅकिंग: खोकला / एकूण | गुणोत्तर |
|---|---|---|---|
| ४० पेक्षा कमी | २५ / १५० (१६.७%) | ३० / ३०० (१०%) | १.६७ |
| ४० व जास्त | ९९ / २५० (३९.६%) | २५ / १०० (२५%) | १.५८ |

या पायरीवर एकच प्रश्न विचारायचा: दोन्ही स्तरांची गुणोत्तरं एकमेकांसारखी आहेत का? १.६७ आणि १.५८. हा फरक योगायोगानेही सहज पडेल एवढाच आहे. एकसारखेपणाची चाचणी केली तर पी-मूल्य ०.८७ च्या आसपास येतं. म्हणजे गुणोत्तराच्या मोजपट्टीवर वय धुळीचा परिणाम बदलत नाही.

हे ठरल्यावरच दुसरा प्रश्न येतो: स्तरांमधले आकडे कच्च्या आकड्यापेक्षा वेगळे आहेत का? दोन्ही स्तरांत दीडपटीच्या थोडं वर आहे आणि कच्चा आकडा सव्वादोन पट. तो दोन्ही स्तरांच्या बाहेर, वरच्या बाजूला बसला आहे. सगळ्या स्तरांपेक्षा एकत्रित आकडा मोठा निघतो, तेव्हा गट एकमेकांशी तुलना करण्याजोगे नव्हते असा त्याचा अर्थ.

कारण तक्त्यातच दिसतं. विणकामातले ६२.५ टक्के कामगार चाळिशीच्या पुढचे आहेत, पॅकिंगमधले फक्त २५ टक्के. आणि धूळ बाजूला ठेवली, म्हणजे नुसत्या पॅकिंगमध्ये पाहिलं, तरी वय वाढल्यावर खोकला १० वरून २५ टक्क्यांवर जातो. वय कामाच्या विभागाशी जोडलेलं आहे, खोकल्याशी स्वतंत्रपणे जोडलेलं आहे आणि धुळीमुळे काही माणसाचं वय वाढत नाही. कन्फाउंडिंगच्या तिन्ही अटी पुऱ्या होतात. दुसरी अट नेहमी संपर्क नसलेल्या, म्हणजे इथे धुळीत काम न करणाऱ्या गटात तपासायची. संपर्क असलेल्या गटात तपासली तर वयाचा आणि धुळीचा परिणाम एकमेकांत अडकलेला असतो.

तिसरी अट कुठलंही सॉफ्टवेअर तपासून देत नाही. समजा वयाऐवजी फुप्फुसाची घटलेली क्षमता घेऊन तुकडे केले, तरी कच्चा आकडा खाली येईल. पण ती क्षमता धुळीनेच घटवलेली असू शकते, म्हणजे ती धूळ आणि खोकला यांच्या वाटेवरची पायरी आहे. तिच्यासाठी समायोजन केलं की धुळीच्या परिणामाचा एक भाग आपणच कापून टाकतो. आकडा हलला म्हणून घटक कन्फाउंडर होत नाही. कोण कोणामुळे घडतं याची मांडणी आधी कागदावर हवी.

तिसरी पायरी: मॅन्टेल-हेन्झेल गुणोत्तर

स्तर एकसारखे आहेत, मग त्यांची बेरीज करून एक आकडा देणं योग्य ठरतं. नेथन मॅन्टेल आणि विल्यम हेन्झेल यांनी १९५९ मध्ये ही पद्धत रुग्ण-नियंत्रण अभ्यासांच्या ऑड्स गुणोत्तरासाठी, म्हणजे आजारी-निरोगी या प्रमाणाच्या गुणोत्तरासाठी, मांडली. जोखमीच्या किंवा प्रमाणाच्या गुणोत्तरासाठी तिचं रूप असं:

```
RR_MH = Σ(a × n0 / n) / Σ(b × n1 / n)
```

इथे `a` म्हणजे त्या स्तरात विणकामातले खोकल्याचे लोक, `n1` विणकामातले एकूण, `b` पॅकिंगमधले खोकल्याचे, `n0` पॅकिंगमधले एकूण आणि `n` पूर्ण स्तर. हाताने करून पाहा.

तरुण स्तरात २५ × ३०० ÷ ४५० = १६.६७ आणि ३० × १५० ÷ ४५० = १०. मोठ्या वयाच्या स्तरात ९९ × १०० ÷ ३५० = २८.२९ आणि २५ × २५० ÷ ३५० = १७.८६. वरच्यांची बेरीज ४४.९५, खालच्यांची २७.८६. भागाकार १.६१.

कच्च्या २.२५ मधला बराचसा भाग वयाचा होता. कच्चा आकडा समायोजित आकड्याहून सुमारे ४० टक्के मोठा निघाला. १० टक्क्यांचा फरक पडला तर कन्फाउंडिंग मानायचं ही रूढ प्रथा आहे आणि इथे तिच्या कितीतरी पुढे आकडा गेला. या फरकासाठी पी-मूल्य काढत बसू नका. कन्फाउंडिंग हे हातातल्या डेटामधल्या असमतोलाचं नाव आहे आणि ते फरक किती मोठा आहे यावरून ठरतं.

संगणकावर, आर या सांख्यिकीच्या भाषेत हेच:

```r
a <- c(25, 99); n1 <- c(150, 250)
b <- c(30, 25); n0 <- c(300, 100)
n <- n1 + n0
sum(a*n0/n) / sum(b*n1/n)   # 1.613675
```

सूत्राच्या खालच्या ओळीतले १० आणि १७.८६ हे खरं तर वजनं आहेत. मॅन्टेल-हेन्झेलचा आकडा म्हणजे स्तरांच्या गुणोत्तरांची या वजनांनी काढलेली सरासरी: (१० × १.६७ + १७.८६ × १.५८) ÷ २७.८६. हे लक्षात ठेवा, पुढच्या पायरीत सगळं याच्यावर अवलंबून आहे.

आरमधल्या तयार `mantelhaen.test` बद्दल सावध राहा, कारण ती ऑड्स गुणोत्तर देते. या वयाच्या तक्त्यासाठी तिचं उत्तर १.८९ येतं आणि ते ‘१.८९ पट खोकला’ म्हणून छापलं तर परिणाम फुगवून सांगितल्यासारखं होतं. खोकला एवढा सर्रास असताना ऑड्स आणि जोखीम एकमेकांपासून लांब जातात. त्याच फंक्शनचं पी-मूल्य ‘परिणाम आहे की नाही’ एवढंच सांगतं, स्तर एकसारखे आहेत का हे सांगत नाही. ही गल्लत प्रबंधांमध्ये वारंवार दिसते.

ऑड्स गुणोत्तराची आणखी एक खोड इथेच सांगायला हवी. दोन सारख्या आकाराचे स्तर घ्या. एकात संपर्क असलेल्यांपैकी ८० टक्के आणि नसलेल्यांपैकी ५० टक्के आजारी, दुसऱ्यात ५० आणि २० टक्के. दोन्हींत ऑड्स गुणोत्तर बरोबर ४ आहे आणि दोन्ही गटांत स्तरांचं प्रमाण सारखं असल्याने कन्फाउंडिंग शून्य. तरी एकत्र केल्यावर ६५ विरुद्ध ३५ टक्के होतात आणि ऑड्स गुणोत्तर ३.४५ वर येतं. म्हणजे आजार सर्रास असताना ऑड्स गुणोत्तर कन्फाउंडिंग नसतानाही हलतं. अशा अभ्यासात ‘आकडा बदलला का’ ही कसोटी प्रमाणाच्या गुणोत्तरावर लावावी.

चौथी पायरी: त्याच ८०० जणांचे बिडीने तुकडे

| धूम्रपान | विणकाम: खोकला / एकूण | पॅकिंग: खोकला / एकूण | गुणोत्तर |
|---|---|---|---|
| ओढतात | ६६ / १२० (५५%) | २२ / १२० (१८.३%) | ३.०० |
| ओढत नाहीत | ५८ / २८० (२०.७%) | ३३ / २८० (११.८%) | १.७६ |

सवयीप्रमाणे थेट मॅन्टेल-हेन्झेल काढलं तर वरची बेरीज ६२, खालची २७.५, भागाकार २.२५. कच्चा आकडाही २.२५. तो तसूभरही हलला नाही, कारण बिडी ओढणाऱ्यांचं प्रमाण दोन्ही विभागांत ३० टक्केच आहे. ‘बिडीचा काही परिणाम नाही’ म्हणून ती इथेच वगळली जाते, आणि अभ्यासातला सगळ्यात उपयोगी शोध तिच्याबरोबर जातो.

आता तक्त्याचा शेवटचा स्तंभ वाचा. ओढणाऱ्यांमध्ये तिप्पट, न ओढणाऱ्यांमध्ये पावणेदोन पट. समायोजित २.२५ हा आकडा यातल्या कोणत्याही माणसाला लागू नाही. कच्चा आकडा या वेळी दोन स्तरांच्या मध्ये बसला आहे, बाहेर नाही.

शिवाय तो आकडा स्थिरही नाही. वजनं आठवा: इथे ती ११ आणि १६.५ आहेत. याच कारखान्यांत, याच टक्केवारीने, पण दोन्ही विभागांत निम्मे बिडी ओढणारे निवडले असते तर हाच आकडा सुमारे २.५ आला असता. धूळ तीच, माणसांची फुप्फुसं तीच, फक्त सर्वेक्षणात कोण किती सापडले यावर उत्तर बदललं. दुसऱ्या गावच्या अभ्यासाशी असा आकडा ताडून पाहण्यात अर्थ राहत नाही. एका स्तरात धोका वाढत असेल आणि दुसऱ्यात घटत असेल, तर बेरजेत दोन्ही कटून आकडा १ च्या जवळ येतो. तेव्हा तर परिणामच नाही असं वाटतं.

कन्फाउंडिंग हा दोष आहे, तो काढून टाकायचा असतो. इफेक्ट मॉडिफिकेशन ही माहिती आहे, ती जशीच्या तशी सांगायची असते.

पाचवी पायरी: दोन्ही एकत्र

खऱ्या डेटात दोन्ही गोष्टी बरोबरच येतात. वरचे ३.०० आणि १.७६ हेसुद्धा कच्चेच आहेत, कारण त्यांच्या पोटात वय अजून शिल्लक आहे. म्हणून आधी बिडीने वेगळं करायचं आणि मग प्रत्येक भागात वयाचं मॅन्टेल-हेन्झेल लावायचं.

| | विणकाम | पॅकिंग | गुणोत्तर |
|---|---|---|---|
| ओढतात, ४० पेक्षा कमी | १२ / ४० | १० / ८५ | २.५५ |
| ओढतात, ४० व जास्त | ५४ / ८० | १२ / ३५ | १.९७ |
| ओढत नाहीत, ४० पेक्षा कमी | १३ / ११० | २० / २१५ | १.२७ |
| ओढत नाहीत, ४० व जास्त | ४५ / १७० | १३ / ६५ | १.३२ |

ओढणाऱ्यांच्या दोन ओळींतून वय-समायोजित गुणोत्तर २.१३ येतं, ९५ टक्के विश्वासांतर १.४२ ते ३.२०. न ओढणाऱ्यांत १.३०, विश्वासांतर ०.८५ ते १.९८. वयाने दोन्ही आकडे खाली आणले, पण ते एकमेकांपासून वेगळेच राहिले.

हा वेगळेपणा खरा की योगायोगाचा? दोन्ही गुणोत्तरांच्या नैसर्गिक लॉगमधला फरक ०.४९ आणि त्याची प्रमाण त्रुटी ०.३०. भागाकार १.६५, पी-मूल्य सुमारे ०.१०. इथे बरेच जण ‘०.०५ पेक्षा जास्त आहे, म्हणजे मॉडिफिकेशन नाही’ असं लिहून मोकळे होतात. ते बरोबर नाही. एकसारखेपणाच्या चाचण्यांची ताकद कमी असते. मुख्य परिणाम शोधण्यासाठी ठरवलेली नमुन्याची संख्या स्तरांमधला फरक शोधायला सहसा अपुरी पडते. ऑड्स गुणोत्तरासाठी वापरली जाणारी ब्रेस्लो-डे चाचणीही याला अपवाद नाही. उलट, दहा-बारा घटकांचे तुकडे करत बसलं तर एखादा फरक निव्वळ नशिबाने ०.०५ च्या खाली जाईल. म्हणून कोणत्या घटकांसाठी मॉडिफिकेशन तपासायचं हे डेटा उघडण्याआधी ठरवावं. धूळ आणि धूर दोन्ही श्वासनलिकेलाच त्रास देतात, तेव्हा बिडी त्या यादीत आधीपासून असायलाच हवी.

आणि मोजपट्टी बदलून पाहावी. गुणोत्तराऐवजी फरक घ्या, म्हणजे शंभर माणसांमागे किती जास्त खोकले. मॅन्टेल-हेन्झेलचं फरकासाठीचं रूप:

```
RD_MH = Σ((a × n0 − b × n1) / n) / Σ(n1 × n0 / n)
```

ओढणाऱ्यांत १३.०५ ÷ ५१.५५, म्हणजे शंभरामागे २५. न ओढणाऱ्यांत ४.८७ ÷ ११९.७९, म्हणजे शंभरामागे ४. या दोन फरकांमधली तफावत २१ आहे, प्रमाण त्रुटी सुमारे ७ आणि पी-मूल्य ०.००२ च्या घरात. त्याच डेटात गुणोत्तराची मोजपट्टी ‘कदाचित’ म्हणते आणि फरकाची ‘स्पष्ट आहे’ म्हणते.

यात विसंगती काहीच नाही. मॉडिफिकेशन मोजपट्टीवर अवलंबून असतं. वयाचा तक्ता पुन्हा पाहा: गुणोत्तरं जवळजवळ सारखी, पण फरक तरुणांत शंभरामागे ६.७ आणि मोठ्यांत १४.६. मूळ प्रमाण १० आणि २५ टक्के असं वेगळं आणि गुणोत्तर सारखं असेल तर फरक वेगळे येणारच. म्हणून ‘मॉडिफिकेशन नाही’ हे वाक्य मोजपट्टीचं नाव घेतल्याशिवाय पूर्ण होत नाही. मास्क, धूळ शोषणारी यंत्रणा किंवा बिडी सोडवण्याचा कार्यक्रम कुणासाठी आधी, हे ठरवायचं असेल तर फरकाची मोजपट्टी जास्त कामाची, कारण वाचवता येणारे खोकले तीच मोजते.

निकाल कसा लिहायचा

‘वयासाठी समायोजित केल्यावर, बिडी-सिगारेट ओढणाऱ्या कामगारांमध्ये विणकाम विभागात जुनाट खोकल्याचं प्रमाण पॅकिंगच्या २.१३ पट होतं (१.४२–३.२०), शंभरामागे २५ ने जास्त. न ओढणाऱ्यांमध्ये ते १.३० पट होतं (०.८५–१.९८), शंभरामागे ४ ने जास्त.’ सोबत चार ओळींचा तक्ता द्यायचा, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतः हिशेब करून पाहता येतो. एकत्रित १.६१ द्यायचाच असेल तर तो यांच्या खाली.

न ओढणाऱ्यांच्या १.३० समोर ‘परिणाम नाही’ असं लिहू नका. विश्वासांतर १.९८ पर्यंत जातं, म्हणजे जवळपास दुप्पट धोकाही या डेटाशी जुळतो. एका स्तरात पी-मूल्य ०.०५ च्या खाली आणि दुसऱ्यात वर, एवढ्यावरून मॉडिफिकेशन जाहीर करणंही चूक. दोन आकड्यांची तुलना एकमेकांशी करायची असते, दोघांची १ शी वेगवेगळी नव्हे.

वयाचे दोनच स्तर हा या मांडणीचा कच्चा दुवा आहे. ‘४० व जास्त’ या ओळीत विणकामातले बरेच जण पंचावन्नच्या पुढचे आणि पॅकिंगमधले पंचेचाळीसच्या आतले असतील, तर कन्फाउंडिंग स्तराच्या आतच उरतं. ते ओळखायला दहा-दहा वर्षांचे स्तर करून हिशेब पुन्हा करा. २.१३ आणखी खाली सरकला तर दोन स्तर पुरेसे नव्हते. स्तर वाढले की काही रकान्यांत शून्य येईल. मॅन्टेल-हेन्झेलला त्याची अडचण नाही, ०.५ मिळवण्याची गरज पडत नाही. मात्र ज्या स्तरात एकच विभाग उरला आहे तो बेरजेत काहीच भर घालत नाही. असे स्तर किती आणि त्यांत माणसं किती, हे तक्त्याखाली नोंदवावं.